नवरा गावाला गेला की हलकं का वाटतं?

“नवरा बाहेरगावी गेल्यावर बरं वाटतं, म्हणजे बाईचं प्रेम आटलं.”

तसं नसतं. फरक परतीच्या दिवशी कळतो. नागपुरातल्या धरमपेठेतली माझी मैत्रीण नवरा मुंबईला गेला की दोन दिवस चिवड्यावर काढते, पण तो येणार म्हटलं की हौसेनं पाटवडी करते. तिला फक्त निवांतपणा हवा होता. दुसरी मात्र नवऱ्याची गाडी अजनी स्टेशन गाठायच्या आत फोनमधले मेसेज पुसते, पोरांना दटावते, पोटात गोळा येतो. ती घाबरलेली आहे, आणि अशी भीती मारहाण नसतानाही बसते. स्वतःला विचारा: तो चिडू नये म्हणून आज मी काय काय लपवलं? उत्तर दर वेळी लांबच निघत असेल, तर महिला हेल्पलाइन १८१ वर बोला, शक्यतो मैत्रिणीच्या फोनवरून.