‘कागदावर ५८, आजीच्या हिशेबानं ५७’ : एका फोटोओळीची पार्श्वभूमी

आण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांचा एक फोटो काढला आणि त्याखाली या ओळी लिहिल्या:

“३१ मे २०२५. पाटण तालुक्यातल्या बंद शाळेच्या व्हरांड्यात आमचे आण्णा. कागदावर ५८, आजीच्या हिशेबानं अजून ५७. ३६ वर्षं ९ महिने गावोगावच्या पोरांची हजेरी घेतली, आज हजेरी द्यायला शाळेत एकही पोर नाही. म्हणून मी आले. हजर, गुरुजी.”

ओळखीच्या लोकांनी शुभेच्छा दिल्या, आणि पाठोपाठ दोन प्रश्न विचारले. वय दोन-दोन कसं? आणि गुरुजींचा निरोप मुलांशिवाय का? दोन्हीचं उत्तर एकाच तारखेत आहे, १ जूनमध्ये.

सातारा जिल्ह्यात पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही चार नोकरदारांना जन्मतारीख विचारा, त्यात एखादा १ जूनवाला सापडतोच. आमच्या घरात दोन आहेत. थोरले काका १ जून १९६४ आणि आण्णा १ जून १९६७. दोन सख्खे भाऊ बरोबर तीन वर्षांच्या अंतरानं एकाच तारखेला जन्मले, असं दाखला सांगतो. आजी सांगते ते वेगळंच.

आजीचं पंचांग भूकंपापासून सुरू होतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास झाला. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर तर उद्ध्वस्तच झालं. आमच्या घराची मागची भिंत पडली आणि सगळे पत्र्याच्या छपरात राहायला गेले. “भूकंप झाला तवा ह्यो पोटात सात म्हैन्याचा हुता,” आजी म्हणते, “छपरात झाला, रथसप्तमीला.” १९६८ ची रथसप्तमी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, ५ तारखेच्या आसपास येते. म्हणजे दाखल्यावरची तारीख भूकंपाच्या सहा महिने आधीची आणि खरा जन्म भूकंपानंतर दोन महिन्यांनी. दाखला खरा मानला, तर भूकंपाच्या पहाटे आण्णा सहा महिन्यांचे होऊन आजीच्या कुशीत झोपलेले असायला हवेत.

ही तारीख आली कुठून? १९७३ च्या जूनमध्ये काकांच्या मागं मागं आण्णाही शाळेत जाऊन बसले. गुरुजींनी त्यांना उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला. हात कानाला लागला, की पोरगं शाळेच्या वयाचं. वय पाहायची तेव्हाची ही सर्रास पद्धत. जन्माचा कागद कुणाकडे नसायचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ चा. त्याआधी गावातला जन्म कोतवाल बुकात चढला तर चढला. आण्णांचा हात कानाला लागला, पण खरं वय पाच वर्षं चार महिने. गुरुजींना रजिस्टरला सहा पुरी दाखवायची होती. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, तेव्हा १ जूनला सहा पुरी झालीत असं धरायचं, वर्ष मागं मोजायचं आणि लिहायचं: १-६-१९६७. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हतं. रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि आई-बाप शेतावर, एवढंच.

त्या क्षणी जनरल रजिस्टरात जी तारीख बसली, ती पुढं कुणी तपासत नाही, फक्त उतरवून घेतं. रजिस्टरवरून शाळा सोडल्याचा दाखला, दाखल्यावरून दहावीचं प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावरून सेवापुस्तकाचं पहिलं पान. आण्णा २९ ऑगस्ट १९८८ ला जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा त्या पानावर तारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिली गेली आणि खाली त्यांची सही झाली.

आता निवृत्तीचा नियम. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ चे. ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस सुटतो. जन्म ५ तारखेचा असो की २५ चा, महिना पुरा करायला मिळतो. अपवाद फक्त १ तारखेला जन्मलेल्यांचा. १ जूनला जन्मलेल्याचं वर्ष ३१ मे संपताच पुरं होतं, म्हणून तो आदल्या महिन्याच्या अखेरीसच निवृत्त. आदेशात लिहितात तसं, ‘दिनांक ३१ मे रोजी (म.नं.) नियत वयोमानानुसार’. ते म.नं. म्हणजे मध्यान्हनंतर.

आण्णांचा हिशेब करून पाहू. दाखल्याप्रमाणे निवृत्ती ३१ मे २०२५. आजीप्रमाणे जन्म फेब्रुवारी १९६८ चा, म्हणजे निवृत्ती २८ फेब्रुवारी २०२६. गुरुजींनी वय वाढवलं आठ महिन्यांनी, पण नोकरी गेली नऊ महिन्यांची. तो नववा महिना १ तारखेनं खाल्ला. गुरुजींनी २ जून लिहिलं असतं, तरी आण्णा ३० जूनपर्यंत राहिले असते. आणि ३० जूनला सुटणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. वेतनवाढीची तारीख १ जुलै. पुरं वर्ष काम करून एका दिवसानं वाढ हुकलेल्यांना ती निवृत्तिवेतनासाठी धरावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दिला. ३१ मेवाल्याचे वर्षाचे अकराच महिने भरतात, त्याला तो लागू नाही. एका आकड्याचा फरक: एक महिन्याचा पगार आणि जन्मभराच्या निवृत्तिवेतनातली एक वाढ. मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा आण्णा म्हणाले, “बेरीज बरोबर आहे,” आणि पेपर वाचायला लागले.

तारीख दुरुस्त का केली नाही, हे सगळेच विचारतात. करता येते, पण नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि पुरावा द्यावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर जाग येणाऱ्यांना न्यायालयंही सहसा दारात उभं करत नाहीत. आण्णांची मुदत ऑगस्ट १९९३ ला संपली. त्याआधी ते एकदा चावडीत जाऊन आले होते. त्या महिन्यांच्या नोंदीत आमच्या घराचं नाव मिळालं नाही. छपरात राहणाऱ्या माणसांनी तेव्हा नोंद करायला जायचं तरी कुठं? आणि आजीची साक्ष सेवापुस्तकाला चालत नाही.

याचा एक परिणाम मात्र आण्णांच्या कामावर झाला, आणि मला अभिमान वाटतो तो इथं. शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यांमागं त्यांनी जुनी पंचांगं आणि भिंतीवरची कॅलेंडरं जपून ठेवली होती. कडांना वाळवी लागलेली, दोऱ्यानं बांधलेली. पोराला दाखल करायला आई आली, की हात-कान नाही. आधी तिला खाली बसवायचं आणि विचारायचं, सण कुठला होता, पाऊस होता का, वर्षाची खूण काय. १९९० च्या जूनमध्ये एक बाई म्हणाली, “इंदिराबाई गेल्या न्हवं का, त्याच्या आठ दिस आधी, लक्ष्मीपूजनाला.” इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४ ची. आण्णांनी ८४ चं कॅलेंडर काढलं, बोट फिरवलं आणि लिहिलं: २४-१०-१९८४. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, “एवढं कशाला, १ जून टाका.” आण्णांनी शाई वाळू दिली. तो मुलगा सरकारी नोकरीत गेला असेल, तर आजच्या नियमानं ऑक्टोबर २०४२ अखेर सुटेल. त्याला हे ठाऊकही नसेल.

या पद्धतीलाही मर्यादा होत्या. सण आठवायचा, साल आठवायचं नाही. “बेंदराच्या आधी दोन दिवस” एवढ्यावर तारीख निघत नाही, बेंदूर दरवर्षी येतो. मग थोरल्या भावंडाचं वय, म्हैस घेतली ते साल, असं काहीबाही जुळवावं लागायचं. कधी जुळायचंच नाही. तेव्हा आण्णा अंदाजानं महिना धरून मधली एखादी तारीख लिहायचे, पण १ तारीख नाही. पुढं जन्माचे दाखले सगळीकडे मिळू लागले आणि पंचांगाची गरज संपली. गठ्ठा तसाच राहिला.

आता दुसरा प्रश्न, मुलं का नव्हती. मे म्हणजे उन्हाळी सुट्टी. महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन आणि निकाल झाला, की शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद. १ जूनवाला शिक्षक म्हणूनच नेहमी रिकाम्या शाळेतून निवृत्त होतो. समारंभ आधीच उरकून घेतात. आण्णांचाही १ मेला झाला. फेटा, शाल, श्रीफळ, आईला साडी, केंद्रातल्या शिक्षकांची भाषणं. त्या दिवशीचे ढीगभर फोटो आहेत, त्यात आण्णा फेट्याखाली ओळखू येत नाहीत.

३१ मेला शनिवार होता. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला होता, मैदानात चिखल. उपशिक्षक मोटारसायकलवरून भिजत आले. चार्जची यादी झाली: डेडस्टॉक रजिस्टर, जनरल रजिस्टर, शिक्के, पोषण आहाराच्या भांड्यांची मोजणी, किल्ल्यांचा जुडगा. दोघांच्या सह्या. शेवटी आण्णांनी कपाटातून तो पंचांगांचा गठ्ठा काढला. यादीत त्याची नोंद नव्हती, म्हणून तो घरी न्यायचा की इथंच ठेवायचा यावर दोघं पाच मिनिटं बोलत राहिले. उपशिक्षक म्हणाले, “सर, आता काय उपयोग?” गठ्ठा काखेत धरून आण्णा व्हरांड्यात आले, पाऊस थांबायची वाट बघत टेकले आणि मी फोटो काढला. फोटोत त्यांच्या काखेत जे वर्तमानपत्रांचं बाड वाटतं, ते हे.

ओळी टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवल्या. मी ‘३७ वर्षं’ लिहिलं होतं. त्यांनी मोजून ते ३६ वर्षं ९ महिने करायला लावलं. बाकी कशाला हात लावला नाही, फक्त चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी, १ जूनला, सकाळपासून त्यांच्या फोनवर वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. कागदोपत्री वाढदिवस ना! आई हौसेनं ताम्हण घेऊन आली. आजीनं जात्याजवळूनच आवाज दिला, “निरांजन ठेव खाली. रथसप्तमीला अजून लई दिस हाईत.”