मित्र गेला की मित्र गेलं? संस्कृत कोशातली एक नोंद वाचताना

माझ्याकडे संस्कृत शिकायला येणाऱ्या एका काकूंना मी दोन छोटी वाक्यं संस्कृतात करायला दिली होती: ‘माझा प्रिय मित्र गेला. त्याची पत्नी माझ्यावर रागावते.’ शेजारी आपट्यांचा कोश होता. वामन शिवराम आपट्यांनी 1890 साली पुण्यात काढलेला हा संस्कृत-इंग्रजी कोश आजही घराघरांत सापडतो. काकूंनी प्रत्येक शब्द कोशात पाहिला, प्रत्येकाचा अर्थ बरोबर लिहिला, आणि तरीही दोन्ही वाक्यं चुकली. कारण त्या फक्त अर्थ वाचत होत्या. अर्थाच्या आधी जी बारीक अक्षरं, आकडे आणि कंस येतात, त्यांवरून त्यांची नजर घसरून जात होती. आपल्या सगळ्यांची जाते.

‘मित्र’पासून सुरुवात करू. आपटे नाम देताना बहुतेक वेळा प्रथमेचं एकवचन देतात, त्यामुळे लिंग शब्दाच्या शेपटीतच दिसतं. ‘देवः’मधला विसर्ग म्हणजे पुल्लिंग, ‘वनम्’मधला म् म्हणजे नपुंसकलिंग. मित्र या शब्दाला दोन्ही शेपट्या आहेत. ‘मित्रः’ म्हणजे सूर्य. तीच नोंद पुढे सरकते आणि एक आडवी रेघ मारून ‘–त्रम्’ असं लिहिलेलं येतं. ती रेघ सांगते, की शब्द तोच, पण आता तो नपुंसकलिंगी आहे आणि अर्थ वेगळा आहे. स्नेही हा अर्थ या रेघेनंतर येतो. म्हणजे दोस्त पुरुष असला तरी संस्कृतात तो ‘मित्रम्’, आणि त्याचं विशेषणही ‘प्रियम्’. काकूंनी मराठीच्या सवयीने ‘प्रियः मित्रः गतः’ लिहिलं होतं, म्हणजे प्रिय सूर्य मावळला! (सूर्यनमस्काराच्या पहिल्या मंत्रातला मित्रही सूर्यच. पण तिथे ‘मित्राय’ ही चतुर्थी आहे आणि ती दोन्ही लिंगांत सारखीच होते, त्यामुळे रूपावरून काही कळायची सोय नाही.)

आता ‘गेला’. मराठी शिकणारा परदेशी माणूस ‘गेला’ हा शब्द ग मध्ये शोधतो आणि हात हलवत परत येतो, कारण तो ‘जाणे’खाली असतो. संस्कृतात आपली तीच गत होते. ‘गच्छति’ शोधाल तर नोंद सापडायची नाही. कोशात धातू असतो: गम्. त्यापुढे 1 हा आकडा आणि इंग्रजी पी अक्षर असतं. आकडा म्हणजे धातूचा गण. धातूंचे असे दहा गण आहेत आणि वर्तमानकाळाचं रूप कसं घडणार ते गणावरून ठरतं. पी म्हणजे परस्मैपद. क्रियापदाच्या प्रत्ययांचे दोन संच असतात, त्यांतला हा एक. दुसऱ्या संचासाठी, म्हणजे आत्मनेपदासाठी, ए आणि दोन्ही चालणाऱ्या धातूसाठी यू असतं. इथे एक सावधगिरी हवी: अर्थांनाही 1, 2, 3 असे क्रमांक असतात. धातूला चिकटून, पदाच्या अक्षराआधी आलेला आकडा तेवढा गणाचा.

मग कंस येतो: गच्छति, जगाम, अगमत्, गमिष्यति, गन्तुम्, गत. क्रमाने हे वर्तमान, परोक्ष भूतकाळ, लुङ् नावाचा भूतकाळ, भविष्य, ‘जायला’ आणि ‘गेलेला’. नियमाने बांधता येत नाहीत, अशी रूपं कोशकार इथे हाताला देतो. आपल्याला शेवटचं ‘गत’ हवं होतं. मित्रम् नपुंसकलिंगी म्हणून ‘गतम्’. पहिलं वाक्य झालं: मम प्रियं मित्रं गतम्.

गणाचा आकडा किती कामाचा आहे ते ‘पा’ धातूवर बघावं. एक पा पहिल्या गणातला, त्याचं ‘पिबति’ होतं, अर्थ पिणे. दुसरा पा दुसऱ्या गणातला, त्याचं ‘पाति’ होतं, अर्थ रक्षण करणे. ‘पातुम्’ मात्र दोघांचंही सारखंच. मधुप म्हणजे भुंगा, तो मध पितो. नृप म्हणजे राजा, तो माणसांचं रक्षण करतो. आकडा न बघता अर्थ लावला तर राजा प्रजेला पिऊन टाकतो. (कधी कधी तसंही असतं, पण व्याकरणाचा तो दोष नाही.)

दुसऱ्या वाक्यातली पत्नी जरा जास्त अवघड. काकूंना ‘भार्या’ सुचलं होतं आणि ते सोपंही होतं, पण मी मुद्दाम ‘दार’ हा शब्द वापरायला सांगितला. कोशात त्यापुढे पुल्लिंग आणि बहुवचन अशी खूण असते. बायको एकच, पण शब्द पुरुषाचा आणि अनेकवचनी: दाराः. ‘दारान् रक्षेद् धनैरपि’ या सुभाषितातलं ‘दारान्’ हे पुल्लिंगी द्वितीयेचं बहुवचन आहे. त्यावरून त्या गृहस्थाच्या चार बायका होत्या असा अर्थ काढू नये. अमरकोशात हीच सूचना श्लोकातच गुंफलेली आहे: ‘पुंभूम्नि दाराः’. पुं म्हणजे पुल्लिंगात, भूम्नि म्हणजे बहुत्वात. लाह्या आणि अक्षता यांच्यासाठीही अमरकोशाचा कर्ता अमरसिंह ‘पुंभूम्नि’ हीच खूण वापरतो. अक्षतांचं बहुवचन मराठीने जपलं, लिंग तेवढं बदललं. लग्नात ‘एक अक्षता द्या’ असं कोणी म्हणत नाही.

दार बहुवचनी, म्हणून क्रियापदही बहुवचनी. क्रुध् धातू, चौथा गण, परस्मैपद, वर्तमानात क्रुध्यति. आपल्याला हवं ‘क्रुध्यन्ति’. राहिलं ‘माझ्यावर’. इथे काकूंनी ‘मयि’ ही सप्तमी वापरली, कारण मराठीतल्या ‘वर’ने तसा कौल दिला. उत्तर पुन्हा नोंदीतच होतं. अर्थानंतरच्या कंसात सांगितलेलं असतं, की ज्याच्यावर राग त्याची चतुर्थी. म्हणून ‘मह्यम्’. पाणिनीने हा नियम स्वतंत्र सूत्रात सांगितला आहे. वाक्य झालं: तस्य दाराः मह्यं क्रुध्यन्ति.

विभक्तीच्या या सूचना मराठी माणसाने जास्तच लक्ष देऊन वाचाव्यात, कारण आपला ‘ला’ द्वितीयेलाही चालतो आणि चतुर्थीलाही. ‘वाघाला भितो’ यात तर संस्कृताला यांतली कुठलीच चालत नाही. भी धातूला पंचमी लागते: व्याघ्रात् बिभेति, म्हणजे शब्दशः वाघापासून भितो. मराठी प्रत्ययावरून विभक्ती ठरवली की चूक कुठे झाली ते ऐकतानाही कळत नाही. वाक्य कानाला ठीकच वाटतं.

आणि मूळ धातूची सूचना उपसर्ग लागल्यावर तशीच धरू नये. उपसर्ग लागला की तो धातू पुन्हा नव्याने पाहायचा. क्रुध्ला चतुर्थी हवी, हे काकूंनी आता पाठ केलं आणि पुढच्या आठवड्यात ‘मित्राय अभिक्रुध्यति’ लिहून आणलं. पाणिनीच्या लगेच पुढच्याच सूत्रात लिहिलं आहे, की क्रुध् आणि द्रुह् यांना उपसर्ग जोडला की राग ज्याच्यावर आहे तो कर्म होतो. म्हणजे द्वितीया: मित्रम् अभिक्रुध्यति.