पाच व्होल्टची पायरी आणि साडेसात व्होल्टचे शिखर

सोलापुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग करावा लागतो. १० मिलिहेन्रीची कॉइल, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ४० ओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे, फंक्शन जनरेटरमधून शून्यावरून एकदम ५ व्होल्ट द्यायचे आणि कपॅसिटरवरचे व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहायचे. हे व्होल्टेज ५ पर्यंत चढून तिथेच थांबेल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण ते ५ च्या वर जाते, मग खाली येते आणि काही हेलकावे घेऊन स्थिरावते.

याचे कारण कॉइलमध्ये आहे. कपॅसिटर ५ व्होल्टला पोहोचतो त्या क्षणी कॉइलमधून भरपूर प्रवाह वाहत असतो, आणि कॉइल आपला प्रवाह एकाएकी थांबू देत नाही. तिच्या चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा संपेपर्यंत ती कपॅसिटरमध्ये आणखी भार ढकलत राहते. ही जादा उसळी म्हणजे ओव्हरशूट. प्रत्येक हेलकाव्यात रेझिस्टर थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो, म्हणून हेलकावे लहान होत जातात.

या वागण्याचा अंदाज दोन राशींवरून बांधता येतो: नैसर्गिक वारंवारता आणि डॅम्पिंग रेशो.

```
ωn = 1/√(LC)
ζ  = (R/2)·√(C/L)
ओव्हरशूट = e^(−πζ/√(1−ζ²))
स्थिरावण्याचा काळ ≈ 4/(ζ·ωn)
```

आपल्या जोडणीत ωn सेकंदाला १०,००० रेडियन येते आणि ζ येतो ०.२. त्यावरून ओव्हरशूट सुमारे ५३ टक्के, म्हणजे शिखर ७.६ व्होल्टच्या आसपास, तेही अवघ्या ०.३२ मिलिसेकंदात. ५ व्होल्टच्या सर्किटला पुरेसा म्हणून कोणी ६.३ व्होल्ट क्षमतेचा कपॅसिटर बसवला असेल, तर प्रत्येक वेळी स्विच चालू करताना त्याच्यावर मर्यादेबाहेरचा ताण येईल. अंतिम मूल्याच्या २ टक्क्यांच्या पट्ट्यात कायमचे शिरायला सुमारे २ मिलिसेकंद लागतात. म्हणून चौरस तरंग १०० हर्ट्झचा ठेवावा. १ किलोहर्ट्झ ठेवला तर एक पायरी स्थिरावण्याआधीच दुसरी येते आणि पडद्यावरच्या आकृतीतून काहीच मोजता येत नाही.

प्रत्यक्षात मात्र पडद्यावर शिखर ५.८ व्होल्टच्या आसपास दिसते. सूत्र चुकले, असा निष्कर्ष इथे घाईने काढला जातो. वास्तविक हे मोजमापच आपल्याला काही सांगत असते. ओव्हरशूट १६ टक्के असेल तर सूत्र उलट वापरून ζ ०.५ येतो आणि त्यावरून एकूण रोध १०० ओहम निघतो. रेझिस्टरचे ४० वजा केले की ६० ओहम उरतात. फंक्शन जनरेटरचा अंतर्गत रोध बहुधा ५० ओहम असतो, आणि बारीक तारेच्या कॉइलचा स्वतःचा रोध १० ओहम असणे अगदी स्वाभाविक आहे. अंतिम मूल्यावरून या रोधांचा पत्ता लागत नाही, कारण कपॅसिटर भरल्यावर प्रवाहच उरत नाही आणि व्होल्टेज बरोबर ५ वर येऊन थांबते. तो पत्ता उसळीच्या उंचीवरूनच लागतो.

आता याच १०० ओहमच्या सर्किटमध्ये कपॅसिटर बदलून ०.२५ मायक्रोफॅरडचा लावू. ωn दुप्पट होते, ζ निम्मा होऊन ०.२५ वर येतो आणि ओव्हरशूट १६ वरून ४४ टक्क्यांवर जाते. हेलकावे वेगवान झाले, मग सर्किट लवकर स्थिरावेल का? नाही. ζ आणि ωn यांच्या गुणाकारात C उडून जातो आणि R/(2L) एवढेच उरते. हेलकावे ज्या मर्यादेत विरत जातात तिचा वेग कॉइल आणि रोध यांनीच ठरतो, त्यामुळे अंदाज पूर्वीइतकाच, म्हणजे ०.८ मिलिसेकंद राहतो. कपॅसिटर बदलून उसळी कमी-जास्त करता येते. हेलकावे विरण्याचा काळ कमी करायचा असेल तर रोधालाच हात घालावा लागतो.

रोध वाढवण्यालाही मर्यादा आहे. मूळ १ मायक्रोफॅरडच्या सर्किटमध्ये एकूण रोध २०० ओहम केला की ζ १ होतो आणि उसळी पूर्णपणे नाहीशी होते. वरचे सोपे सूत्र तिथे ०.४ मिलिसेकंद सांगते, प्रत्यक्षात मात्र सुमारे ०.५८ लागतात, कारण हे सूत्र हेलकावणाऱ्या सर्किटसाठी आहे आणि ζ १ च्या जवळ आला की ते विश्वासार्ह राहत नाही. एकूण रोध सुमारे १५६ ओहम, म्हणजे ζ ०.७८ ठेवला, तर शिखर २ टक्क्यांच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला जेमतेम टेकून परत फिरते आणि सर्किट ०.३६ मिलिसेकंदातच स्थिरावते. तेवढी किंचित उसळी चालणार असेल, तर माझ्या मते हाच रोध निवडावा. मात्र त्या १५६ ओहममध्ये जनरेटर आणि कॉइल यांचे ६० आधीच आलेले आहेत, म्हणून रेझिस्टर ९६ ओहमच्या जवळपासचाच लावावा.