कोकणातल्या मातीच्या भिंती: राखण छपराची, गिलावा नावापुरता

कोकण किनाऱ्यावर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कच्ची माती अशा पावसात टिकायला नको. तरी इथे थरावर थर रचून उभारलेल्या मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या, कारण त्या भिजतच नव्हत्या. शेणमातीचं सारवण हा शेवटचा पापुद्रा होता. खरी राखण छप्पर, पडवी आणि जोतं यांची.

जुनी गवताची छपरं तीव्र उताराची असायची आणि पावळी, म्हणजे छपराची खालची कड, इतकी खाली यायची की पडवीत वाकून शिरावं लागे. जुन्या नळीच्या कौलांच्या घरांनीही पडवी सोडली नाही. ती का महत्त्वाची, ते साध्या मापाने कळतं. वाऱ्याने पाऊस ४५ अंशांत तिरका झाला, तर तो जितका खाली येतो तितकाच आत सरकतो. पडवी २.१ मीटर रुंद आणि पावळी पडवीच्या जमिनीपासून १.८ मीटरवर असेल, तर थेंब १.८ मीटर आत येऊन जमिनीवर पडतो आणि भिंत ३० सेंटिमीटरने वाचते. त्याहून तिरक्या झडीसाठी नैर्ऋत्येच्या बाजूला माडाच्या चुडतांची झापं बांधत. उलट, पडवी काढून पावळी २.७ मीटरवर नेली आणि छप्पर जेमतेम ४५ सेंटिमीटर पुढे ठेवलं, तर फक्त वरची ४५ सेंटिमीटर भिंत कोरडी राहते. खालची सव्वादोन मीटर भिजते.

बदल याच ठिकाणी झाला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौलं कोकणभर आली. गवत दरवर्षी शाकारावं लागे, तो त्रास गेला. उतार कमी झाला आणि पावळी वर गेली. तरी कौलारू घरांत पडवी होती, म्हणून भिंतींचं फारसं बिघडलं नाही. पत्रा आल्यावर बिघडलं. पुढे आलेला पत्रा वाऱ्याने उचलतो, म्हणून तो भिंतीलगत कापायची सवय लागली. भिंत भिजू लागली, आणि त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा आला.

सिमेंट पाणी अडवतं हे खरं, पण पाणी बाहेरही पडू देत नाही. माती ओलाव्याने थोडी फुगते आणि सुकताना आक्रसते, सिमेंटचा थर मात्र तसाच राहतो. मग केसासारखी चीर पडते, तिथून पाणी आत जातं आणि मागची माती चिखल होऊन पायथ्याशी बसते. बाहेरून काही दिसत नाही. बोटाच्या सांध्याने वाजवून पाहावं, पोकळ आवाज आला की माती सुटलेली आहे. पायथ्याजवळ गिलावा फुगला असेल तर काम निकडीचं समजावं.

पायथ्याचं दुखणं वेगळं. पागोळ्यांचं पाणी कडक जमिनीवर आपटून दीड-दोन फूट उसळतं आणि भिंत खालून खातं. म्हणून जांभ्या दगडाचं जोतं निदान दोन फूट हवं. पागोळ्या पडतात त्या रेषेत जांभ्याची खडी पसरावी आणि अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. भिंतीपर्यंत काँक्रीट घालणं ही हौस महागात पडते, कारण शिंतोडे वाढतात.

खाल्लेला पायथा भरायचा तो मातीनेच. सुटी माती खरवडून, जागा ओली करून, त्याच मातीच्या कच्च्या विटांचे तुकडे मातीच्या गाऱ्यात बसवावेत. वरच्या गिलाव्याला चाळलेली तांबडी माती तीन भाग, ताजं शेण एक भाग आणि बारीक कापलेला पेंढा मूठ-मूठ घालून चार-पाच दिवस कुजवावं. पेंढा आणि शेणातले तंतू तडे आवरतात. थर बोटाच्या अर्ध्या जाडीचा पुरे. पण थेट झड लागली तर हा गिलावा एका पावसाळ्यात धुऊन जातो. तो दरवर्षी नव्याने द्यायचाच असतो.

चुना जास्त टिकतो. किनाऱ्यावर शिंपले भाजून तो करत, पण लागायचा मुख्यतः देवळांना आणि सधन घरांना. भाजलेला चुना पाण्यात टाकायचा, त्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी अंगावर उडते. पाण्याखाली निदान पंधरा दिवस मुरवून, एक भाग चुन्याला तीन भाग नदीची धुतलेली वाळू घ्यावी. समुद्राची वा खाडीची वाळू नको, मीठ ओल ओढतं आणि पापुद्रे सुटतात. जुन्या सारवणावर चुना धरत नाही. ते खरवडून, भिंतीला खाचा पाडून, पाणी शिंपडून पातळ थर द्यावा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाने उन्हापासून झाकावा.

सिमेंट काढायचं असेल तर पावसाळा सरल्यावर, कार्तिकात सुरुवात करावी. एका वेळी एकच बाजू उघडावी आणि आतली ओल पूर्ण सुकेपर्यंत नवा थर देऊ नये. जाड भिंतीला त्याला काही आठवडे लागतात.