आदर्श उत्तर वेगळं, अँकर पेपर वेगळा

साताऱ्यात नववीला भूगोल शिकवताना वर्षातून एकदा तरी एक प्रश्न मी हमखास घालतो. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीकडे तो पाचशेच्या आगेमागे असतो, असं का? चार गुणांचा प्रश्न. अर्ध्या वर्गाचं आजोळ माण-खटावकडे असतं, त्यामुळे टँकर काय असतो हे सांगावं लागत नाही. पाऊस का पडत नाही, हे मात्र लिहिता येत नाही.

पूर्वी मी पेपर वाटून झाले की फळ्यावर आदर्श उत्तर लिहायचो. मुलं ते वहीत उतरवायची, मी तांबड्या शाईने सही करायचो आणि काम संपलं असं मानायचो. पुढच्या चाचणीत दुसरा प्रश्न दिला: चेरापुंजीला प्रचंड पाऊस आणि जवळच्या शिलाँगला कमी, कारण सांगा. बऱ्याच वह्यांत उत्तराची सुरुवात होती, ‘अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे…’ तिथे वारे बंगालच्या उपसागरावरून येतात. सह्याद्रीही बऱ्याच जणांनी मेघालयात नेऊन ठेवला होता. मुलांनी उत्तर पाठ केलं होतं. चांगलं उत्तर कशामुळे चांगलं ठरतं, हे त्यांच्या हाती लागलंच नव्हतं.

आता मी त्याच जागी अँकर पेपर वापरतो. शिक्षकांच्या बोलण्यात हे दोन्ही ‘नमुना उत्तर’ याच नावाखाली येतात, म्हणून घोटाळा होतो. ‘आम्ही नमुना उत्तरं देतोच की,’ असं जे सर म्हणतात, ते बहुतेक वेळा आदर्श उत्तर देत असतात.

आदर्श उत्तर एकच असतं आणि ते शिक्षकाने लिहिलेलं असतं. त्यात काय काय यायला हवं ते सगळं असतं आणि एकही चूक नसते. अँकर पेपर म्हणजे मुलांनीच खरोखर लिहिलेली उत्तरं, रुब्रिकच्या, म्हणजे गुण देण्याच्या स्तरवार निकषांच्या, प्रत्येक स्तराला निदान एक. पहिला स्तर प्रत्यक्षात कसा दिसतो, दुसरा कसा, तिसरा कसा, हे दाखवणं हे त्यांचं काम. आदर्श उत्तर डोंगराचा माथा दाखवतं. पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलाला आपण कुठे आहोत आणि पुढची पायरी कोणती, हे त्यावरून समजत नाही.

माझ्या रुब्रिकमध्ये या प्रश्नासाठी चार ओळी आहेत. पहिला स्तर: केवळ माहितीची पुनरुक्ती. दुसरा: कारणाचा उल्लेख, स्पष्टीकरण अपुरे. तिसरा: कार्यकारणाची साखळी बहुतांशी पूर्ण. चौथा: साखळी पूर्ण. वाचायला झकास. पण ‘अपुरे’ म्हणजे किती आणि ‘बहुतांशी’ म्हणजे किती? हे शब्द मला कळतात कारण मी शेकडो पेपर तपासलेत. मुलाने एकही तपासलेला नाही. रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९८७मध्येच मांडलं होतं की दर्जा नुसत्या शब्दांत बांधता येत नाही, शब्दांच्या जोडीला उदाहरणं लागतात. स्टाफरूममध्ये आपण हेच करतो. ‘याला तीन का दिले?’ असं कोणी विचारलं तर रुब्रिक वाचून दाखवत नाही, पेपर पुढे सरकवतो.

तर हे दोन पेपर बघा. दोन्ही मुलांच्या लिखाणावर बेतलेले, माझ्या हाताने पुन्हा उतरवलेले.

‘सह्याद्री पर्वत हा महाराष्ट्राचा कणा आहे. त्याच्या पश्चिमेस कोकण व पूर्वेस पठार आहे. महाबळेश्वर येथे प्रतिरोध पाऊस पडतो. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण असून तेथे कृष्णा नदीचा उगम होतो. दहिवडी हा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्यामुळे तेथे पाऊस कमी पडतो व वारंवार दुष्काळ पडतो.’

आणि दुसरा: ‘समुद्रावरून वारे वाफ घेऊन येतात. डोंगर आडवा आला की वर चढतात. वर थंडी असते म्हणून वाफेचे पाणी होते आणि महाबळेश्वरला पडते. पुढे वाऱ्यात पाणी राहत नाही म्हणून दहिवडीला कमी पडतो.’

पहिला दुसऱ्या स्तरावर बसतो, दुसरा तिसऱ्या. वर्गात आठ गट केले आणि स्तर न सांगता लावायला दिले, तेव्हा सहा गटांनी नेमकं उलटं लावलं. पहिला लांब आहे, त्यात पुस्तकी शब्द आहेत, कृष्णेचा उगमसुद्धा आहे. पण नीट वाचलं तर त्यात ‘का’ला उत्तरच नाही. दहिवडीला पाऊस कमी कारण तो पर्जन्यछायेचा प्रदेश, आणि पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे जिथे पाऊस कमी. नाव सांगितलं, कारण सांगितलं नाही. दुसऱ्या मुलाला ‘सांद्रीभवन’ हा शब्द आठवला नाही, पण वारा कुठून निघाला, का वर गेला, वर गेल्यावर काय झालं, हे एकामागून एक आलंय. कडी निसटली ती शेवटची: वाऱ्यात पाणी अजिबात उरत नाही असं नाही. डोंगर उतरताना हवा खाली येते, दाबली जाते, तापते, आणि तापलेली हवा उरलेलं बाष्प सोडत नाही. ही कडी आली की पेपर चौथ्यात गेला.

त्या सहा गटांचा दोष नव्हता. लांब उत्तर आणि अधोरेखित केलेले पारिभाषिक शब्द म्हणजे चार गुण, हे त्यांना शिकवलं कोणी? माझ्या फळ्यावरच्या आदर्श उत्तराने. त्यात साखळीही होती, पण मुलाच्या डोळ्यात आधी भरते ती लांबी. म्हणून अँकर निवडताना मी मुद्दाम अशी जोडी शोधतो: खालच्या स्तरावरचा लांबलचक पेपर आणि वरच्या स्तरावरचा आखूड. स्तर वाढतो तशी लांबीही वाढत गेली, तर मुलं लांबीच मोजायला शिकतात.

निवडीचं काम कंटाळवाणं आहे, पण खरी मेहनत तिथेच आहे. मी मागच्या वर्षीचे पेपर घेतो, चालू वर्गातले कधीच नाही, कारण अक्षरावरून पोरं लगेच ओळखतात आणि ‘पहिल्या स्तराचा पेपर’ कोणाचा हे मधल्या सुट्टीत शाळाभर होतं. पंधरा-वीस उत्तरं काढून मी आणि शेजारच्या तुकडीच्या बाई वेगवेगळे तपासतो, एकमेकांचे गुण न बघता. जिथे दोघांचा स्तर जुळतो, तेच पेपर अँकर होतात. जिथे मी तीन आणि बाई दोन म्हणतात, तो पेपर बाजूला ठेवतो. फेकत नाही, त्याचं काम पुढे आहे. अँकर हा त्या स्तराच्या मध्यावरचा हवा, काठावरचा नको. काठावरचा पेपर आधीच दाखवला तर मुलाला वाटतं, सगळा मामला सरांच्या मर्जीचा आहे.

मग सगळे एकाच हस्ताक्षरात उतरवायचे आणि नाव, तुकडी, तांबडी शाई काढून टाकायची. शुद्धलेखनाच्या चुका ठेवायच्या का, यावर आमचा वाद होतो. माझं मत: रुब्रिकमध्ये शुद्धलेखनाला गुण नसतील तर चुका सुधारून घ्या. नाहीतर मुलं ऱ्हस्व-दीर्घावरून स्तर लावतात. बाईंना हे पटत नाही, त्या म्हणतात खरा पेपर खराच दिसू दे. मराठीच्या निबंधासाठी त्यांचं म्हणणं मी मानतो.

वर्गात एक तासिका लागते. आधी स्तर न सांगता लावायला द्यायचे, आणि रुब्रिकही लगेच हातात द्यायचं नाही. गटांनी लावून झालं की विचारायचं, हा वर का ठेवला? पेपरातल्या कोणत्या वाक्यावर बोट ठेवून सांगता? त्यानंतर आमचे स्तर आणि प्रत्येक पेपरखाली दोन ओळींची टीप: हा तीनवर का, आणि चारवर का नाही. टीप पेपरातल्या शब्दांना धरून हवी. ‘स्पष्टीकरण अपुरे’ एवढंच लिहिलं तर आपण फिरून रुब्रिकवरच आलो. शेवटची दहा मिनिटं एकच काम: तिसऱ्या स्तराच्या पेपरात एकच वाक्य घाला आणि तो चौथ्यात न्या. हे करताना मूल पहिल्यांदा शेवटच्या कडीशी भिडतं.

परीक्षेला मात्र हाच प्रश्न द्यायचा नाही. चेरापुंजी-शिलाँग द्यायचा. त्यात अरबी समुद्र पुन्हा दिसला, तर चौथ्या स्तराचा अँकरसुद्धा आदर्श उत्तरासारखा पाठ झालाय, हे समजतं. हा धोका खरा आहे. म्हणून चौथ्या स्तराचे मी आता दोन पेपर देतो, दोन वेगळ्या मुलांच्या वेगळ्या मांडणीचे. एक वाऱ्याच्या प्रवासाने सुरू होतो, दुसरा थेट दहिवडीपासून मागे जातो. दोन वाटांनी वर जाता येतं हे दिसलं की पाठांतराचा मोह जरा कमी होतो.

आदर्श उत्तर मोडीत काढा असं मी म्हणत नाही. उतरणारी हवा तापते, हे ज्याला माहीतच नाही त्याला दहा अँकर पेपर दाखवून उपयोग नाही. तिथे शिकवायलाच लागतं, आणि नीट लिहिलेलं उत्तर तिथे कामी येतं. पेपर तपासतानाही कोणते मुद्दे धरायचे, यासाठी ते आपल्या हाताशी हवं. एका गुणाच्या, ‘जोड्या लावा’ छापाच्या प्रश्नांना तर अँकरची गरजच नाही, कारण तिथे स्तर नसतात. आणि नववीचे अँकर सातवीला चालत नाहीत. तिथे चौथ्या स्तराची अपेक्षाच वेगळी असते.

बाजूला ठेवलेला तो काठावरचा पेपर मी दोन आठवड्यांनी काढतो, मुलांची नजर बसल्यावर. त्यात एकाने लिहिलंय: ‘ढग समुद्रावरून भरून येतात. डोंगर चढताना त्यांना ओझे होते म्हणून ते महाबळेश्वरला पाणी टाकून देतात आणि हलके होऊन दहिवडीला जातात.’ ओझं चुकीचं आहे, थंडावणं कुठेच नाही, पण चढ आहे, क्रम आहे, आणि रिकामं होऊन पुढे जाणंही आहे. बाई दोन देतात, मी तीन. यंदा मागच्या बाकावरच्या एकीने सांगितलं, ‘सर, ओझ्याऐवजी थंडी लिहा, मग तीन. तोवर दोनच.’ मी माझे तीन अजून बदललेले नाहीत, पण त्या पेपरखालची टीप आता तिच्या शब्दांत आहे.