रविवारी सकाळी आठ, पण कुठल्या गावचे?

आई-वडील पुण्यात, मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजेला आणि मुलगा सिडनीत. तिघांना दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर भेटायचं असेल, तर वेळ सापडणं तसं सोपं आहे. पुण्यात रविवारी सकाळी आठ वाजतात तेव्हा सिडनीत दुपार असते आणि सॅन होजेत शनिवारची संध्याकाळ. ही वेळ वर्षभर टिकवणं मात्र तितकं सोपं नाही.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. सिडनीचा उन्हाळा उलट्या महिन्यांत, त्यामुळे तिथे घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. भारतातलं घड्याळ हलतच नाही.

समजा, मुलीने निमंत्रण पाठवलं: दर शनिवारी संध्याकाळी साडेसात, सॅन होजेची वेळ. जुलैत तेव्हा पुण्यात सकाळचे आठ आणि सिडनीत दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. जानेवारीत मात्र पुण्यात नऊ आणि सिडनीत चक्क अडीच! दोन्हीकडची घड्याळं विरुद्ध दिशांना सरकतात, म्हणून भावाच्या वाट्याला दोन तासांचा फरक येतो. मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे दीड वाजलेला असतो, ते वेगळंच.

आता तोच कॉल पुण्याच्या आठला बांधून पाहा. सॅन होजेत उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. सिडनीत साडेबारा किंवा दीड. कुणालाच तासापेक्षा जास्त सरकावं लागत नाही.

निमंत्रणाच्या फाइलमध्ये ही गाठ अशी लिहिलेली असते:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260104T080000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=SU
```

पहिल्या ओळीत ठिकाण, तारीख आणि वेळ आहे; दुसरीत ‘दर आठवड्याला, रविवारी’. ठिकाणाच्या जागी नुसता तासांचा फरक लिहिला तर घड्याळबदल त्यात येत नाही. शहराच्या नावामागे मात्र तिथले सगळे नियम असतात आणि सरकारने ते बदलले तर फोनच्या अपडेटमधून नवे नियम येतात. मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतेक भागांतला घड्याळबदल बंदच केला.

निमंत्रण मुलीच्या फोनवरून गेलं तर फोन सहसा आपणहून तिच्याच गावची वेळ लावतो. म्हणून वेळेजवळचा टाइम झोन तिने मुद्दाम भारताचा निवडावा, आणि मग वारही शनिवार नव्हे, रविवार टाकावा. इथेच बरेचजण चुकतात. पाठवल्यावर तिने आपल्या कॅलेंडरमध्ये जुलै आणि डिसेंबरचे कॉल उघडून पाहावेत. जुलैत साडेसात आणि डिसेंबरात साडेसहा दिसलं तर गाठ पुण्याला आहे. दोन्हीकडे साडेसातच दिसलं तर ती सॅन होजेला पडलीय.

अर्थात, तिकडे नात सातला झोपत असेल तर उन्हाळ्यातले साडेसात काय कामाचे? मग कॉल सॅन होजेच्याच साडेसहाला बांधावा. पुण्यात उन्हाळ्यात सात, हिवाळ्यात आठ वाजतील. आजी-आजोबा तोवर उठलेले असतातच. मामाला मात्र साडेअकरा ते दीड या टप्प्यात जेवणाची वेळ बदलत राहावी लागेल.