छेद उडाला तरी अट उडत नाही

आठवीत गुणोत्तरीय बैजिक राशींचा भागाकार येतो, म्हणजे वर-खाली x असलेले अपूर्णांक, आणि बरीच मुलं ते "दुसरा उलटा करा, गुणा, काट मारा" एवढंच पाठ करतात. उत्तर बरोबर येतंही, पण x ची कुठली किंमत चालणार नाही हे लिहायचं राहून जातं किंवा अर्धवट लिहिलं जातं. एकच उदाहरण नीट बघूया.

(x² − 9)/(x² − 5x + 6) ÷ (x² + 4x + 3)/(x² − 4)

हे आहे तसं गुणायला गेलात तर चौथ्या घाताच्या राशी येतील आणि त्यात काय उडतंय ते दिसणारच नाही, म्हणून आधी अवयव पाडायचे. x² − 5x + 6 साठी गुणाकार 6 आणि बेरीज −5 येणारे दोन आकडे हवेत, ते −2 आणि −3, बाकीचेही असेच पडतात:

(x − 3)(x + 3)/[(x − 2)(x − 3)] ÷ (x + 1)(x + 3)/[(x − 2)(x + 2)]

आता इथेच थांबा, अजून उलटं करू नका, काही खोडू नका, आधी अटी लिहा. पहिला छेद शून्य नको, म्हणून x ला 2 आणि 3 चालत नाही. दुसरा छेद शून्य नको, म्हणून 2 आणि −2 चालत नाही. आणि ज्याने भागतोय ती अख्खी राशीच शून्य नको, कारण शून्याने भागता येत नाही, म्हणून तिचा अंशही बघायचा, तिथून −1 आणि −3 बाद. एकूण पाच किंमती बाद झाल्या.

मग दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा, (x − 3), (x + 3), (x − 2) वर-खाली उडतात, उरतं (x + 2)/(x + 1). या उत्तराकडे बघून फक्त −1 चालत नाही एवढंच कळतं, बाकी चार अटी कुठेच दिसत नाहीत. त्यातली −2 तर सगळ्यात फसवी, कारण (x + 2) उलटं केल्यावर छेदातून थेट अंशात गेला, त्यामुळे उलटं केल्यानंतर छेद तपासणाऱ्यालाही ती सापडत नाही. उत्तरात −2 टाकलं तर छान 0 येतं, पण मूळ गणितात तिथे x² − 4 छेदात शून्य होतो, म्हणजे मूळ राशीला तिथे किंमतच नाही, मग दोन्ही समान कशा म्हणणार?

अजून एक, (x + 2)/(x + 1) मधला x उडवून 2 लिहू नका, कारण उडतो तो गुणलेला अवयव, बेरजेतलं पद नाही. आणि पडताळा घेताना 0 टाकू नका, मूळ गणितातही तिथे 2 च येतं आणि चुकीचं उत्तर बरोबर वाटतं. 1 टाका: −4 ÷ (−8/3) = 3/2, आणि (1 + 2)/(1 + 1) सुद्धा 3/2.